बाहेरचा तास आणि त्यानंतरचा वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बाहेरचं शिक्षण' म्हणजे सहल का?

नाही. इथे आपण फक्त एका साध्या गोष्टीबद्दल बोलतोय. नेहमीच्या अभ्यासक्रमातला, नेहमीच्या वेळापत्रकातला एक तास आठवड्यातून एकदा झाडाखाली किंवा गवतावर घ्यायचा आणि मग मुलांना वर्गात आणून पुढचा तास नेहमीसारखाच घ्यायचा. सहलीत दिवस मोडतो, बस लागते, डबे लागतात आणि दुसऱ्या दिवशी मुलं दमलेली असतात. त्याचे फायदे वेगळे. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला रोज सतावणारा प्रश्न त्याहून लहान असतो: बाहेरच्या चाळीस मिनिटांनी त्यानंतरच्या चाळीस मिनिटांचं काय होतं?

बाहेरून आल्यावर मुलं उलट जास्त उधळतात, असाच अनुभव नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणारे बहुतेक शिक्षकच असतात. भीती अशी की एकदा मोकळं रान मिळालं की मुलांना परत बाकावर बसवणं म्हणजे वारा मोटेत बांधण्यासारखं आहे. माझीही हीच समजूत होती.

अमेरिकेत मिंग कुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच शंका तपासली. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरीचे दोन वर्ग होते, मुलं नऊ-दहा वर्षांची होती आणि हे दहा आठवडे चाललं. प्रत्येक शिक्षिकेने आठवड्यातून एक तास बाहेर हिरवळीवर घेतला आणि त्याच्याच जोडीचा एक तास वर्गात. विषय आणि शिकवण्याची पद्धत जुळवलेली होती. त्यानंतर थोडी विश्रांती आणि मग वर्गातल्या पुढच्या तासातली वीस मिनिटं निरीक्षणासाठी.

त्यांनी मोजलेली मुख्य गोष्ट मला फार आवडते, कारण ती कुठल्याही शिक्षकाला लगेच ओळखू येते. शिकवणं थांबवून एखाद्या मुलाला किती वेळा टोकावं लागलं? 'इकडे बघ', 'बस खाली', 'वही उघड', हे सगळं त्यात आलं. वर्गातल्या तासानंतर शिक्षिकेला सरासरी साडेतीन मिनिटांनी थांबावं लागत होतं. बाहेरच्या तासानंतर तीच साडेसहा मिनिटं सलग शिकवू शकत होती. म्हणजे उधळणं दूरच, टोकण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

एकाच शाळेतल्या दोन वर्गांवरून इतकं बोलायचं?

शंका रास्त आहे. दोन शिक्षिका आणि एक शाळा, म्हणून 'सगळीकडे टोकणं निम्मं होईल' असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय कुठला तास बाहेर झालाय हे शिक्षिकांना माहीत असणारच, ते लपवता येत नाही.

तरीही हा अभ्यास मी गंभीरपणे घेतो, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, दोन शिक्षिकांपैकी एकीला या कल्पनेबद्दल सुरुवातीपासून उत्साह होता आणि दुसरी साशंक होती, पण फरक दोघींच्याही वर्गात दिसला. दुसरं, टोकण्याच्या मोजणीबरोबरच वर्गाची छायाचित्रं काढली होती आणि आधीचा तास कुठे झाला हे माहीत नसलेल्या व्यक्तीने ती बघून मुलांचं लक्ष किती आहे याला गुण दिले. तिथेही बाहेरचा तास सरस ठरला.

एका मोजमापात मात्र फरक दिसला नाही: मुलांनी स्वतः दिलेल्या गुणांमध्ये. याची मला गंमत वाटते. आपलं लक्ष आज चांगलं होतं का, हे नऊ वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. म्हणून 'तुम्हाला बरं वाटलं का रे?' असं विचारून निष्कर्ष काढू नये. हात वर सगळ्यांचेच होतात.

पण असं होतं कशामुळे?

लक्ष दोन तऱ्हेचं असतं, ही जुनी कल्पना. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये ती मांडली. एक लक्ष आपण ओढून धरतो: भागाकार करताना, शुद्धलेखन तपासताना, शेजारचा कुजबुजत असताना बाईंचं ऐकताना. दुसरं आपसूक जातं: मुंग्यांच्या रांगेकडे, हलणाऱ्या फांदीकडे. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या दांपत्याने १९८९ मध्ये यावर आपला सिद्धांत उभा केला. ओढून धरलेलं लक्ष थकतं, असं ते म्हणतात. ते थकलं की माणूस चिडचिडा, उतावळा आणि विसरभोळा होतो. निसर्गात डोळे आणि मन हलकेच गुंतून राहतात, पण ताण देत नाहीत, आणि तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो.

'हलकेच' हा शब्द इथे महत्त्वाचा. पडद्यावरचं कार्टूनही लक्ष आपसूक खेचून घेतं, पण ते मनात दुसऱ्या कशाला जागाच ठेवत नाही. पान वाऱ्याने हलताना बघणारं मूल मध्येच स्वतःच्या विचारात जाऊ शकतं.

सिद्धांत पटण्यासारखा आहे, पण एकट्या त्याच्यावर भार टाकू नये. बाहेर जाताना मुलं चालतात, उजेड बदलतो, हवा बदलते, गोंगाट कमी होतो आणि शिक्षकाचा मूडही सुधारतो. शिक्षक खुशीत असला की टोकतोही कमी! यातलं कुणाचं श्रेय किती, हे वर्गाच्या पातळीवर वेगळं काढणं अवघड आहे.

मग मैदानावर दोन फेऱ्या पळवलं तरी तेच होईल ना?

पळण्याचा फायदा आहेच, पण हिरवळीचा वेगळा वाटा असावा असं मानायला आधार आहे. अँड्रिया फेबर टेलर आणि कुओ यांनी २००९ मध्ये सात ते बारा वर्षांच्या १७ मुलांचा अभ्यास केला. सगळ्या मुलांना एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकण्यातली अडचण होती. प्रत्येक मुलाला तीन वेगवेगळ्या दिवशी वीस मिनिटं चालवलं: एकदा बागेत, एकदा शहराच्या गजबजलेल्या भागात आणि एकदा घरांच्या वस्तीत. चालणं तेवढंच होतं, जागा बदलली. नंतर एक छोटी चाचणी घेतली: मोठ्याने सांगितलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे. ४-९-२ ऐकलं तर २-९-४. हे करताना आकडे मनात धरून ठेवावे लागतात आणि फिरवावेही लागतात, म्हणून ओढून धरलेलं लक्ष किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. बागेतून आल्यावर मुलांना ते जास्त चांगलं जमलं.

नमुना छोटा आहे, हे पुन्हा सांगतो. आणि घरी एडीएचडी असलेलं मूल असेल तर एक गोष्ट स्पष्ट असू द्या: बागेतली फेरी ही औषधाला किंवा उपचाराला पर्याय म्हणून तपासलेली नाही. गृहपाठाच्या आधीची वीस मिनिटं बागेत घालवून बघायला मात्र काही हरकत नाही.

आमच्या शाळेच्या आवारात फरशी आहे आणि दोन झाडं. काही उपयोग?

दोन झाडं पुरतात, जर मुलं त्यांच्याकडे बघणार असतील तर. चाळीस मुलं एका झाडाभोवती गर्दी करून उभी राहिली तर ते झाड नसून खांब आहे. अशा वेळी वर्गाचे दोन गट करून आलटून पालटून न्यावं लागतं, किंवा चालत पाच मिनिटांवर एखादी बाग असेल तर तिथला तास महिन्यातून दोनदा ठेवावा.

शाळेभोवतीची हिरवळ दीर्घकाळात काय करते, यावर बार्सिलोनाचा मोठा अभ्यास आहे. पायम दादवंद आणि सहकाऱ्यांनी ३६ प्राथमिक शाळांतली सात ते दहा वर्षांची २,५९३ मुलं बारा महिने पाहिली. ज्या शाळांच्या आत आणि भोवती हिरवळ जास्त, तिथल्या मुलांची कार्यकारी स्मृती, म्हणजे माहिती मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, वर्षभरात जास्त वाढली आणि लक्ष विचलित होण्याचं प्रमाण जास्त घटलं. पण त्यांनीच पुढे दाखवलं की यातला बराच वाटा, म्हणजे मोजमापानुसार एक पंचमांश ते जवळजवळ दोन तृतीयांश, वाहनांच्या धुरातला कार्बन कमी असण्याचा होता. थोडक्यात, झाडं असतात तिथे धूर कमी असतो आणि धूर कमी असतो तिथे मेंदूचं बरं चालतं. म्हणून मुख्य रस्त्याला चिकटलेल्या लॉनपेक्षा इमारतीमागची, रस्त्यापासून लांब असलेली ओबडधोबड जागा मी निवडेन.

एक तास प्रत्यक्षात कसा घ्यायचा? उदाहरण देऊन सांगाल का?

चौथीचा गणिताचा तास घेऊ. विषय क्षेत्रफळ आणि सरासरी. वर्गात चोवीस मुलं आणि मागे गवताचा एक तुकडा, २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. प्रश्न एकच: या तुकड्यावर तीन पानांची ती छोटी रोपं एकूण किती असतील?

साहित्यात सहा दोऱ्या. प्रत्येक दोरी चार मीटरची, टोकं बांधून वेटोळं केलेली आणि दर मीटरला गाठ मारलेली. चार मुलं चार गाठी धरून ताणली की एक चौरस मीटरची चौकट तयार. कोपऱ्यांवर दगड. प्रत्येक गटाला जाड पुठ्ठा, त्यावर चिमट्याने लावलेला एकच कागद आणि एक पेन्सिल.

सूचना सगळ्या वर्गात द्यायच्या, दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी. मोजायचं रोप कुठलं, ते हातात घेऊन दाखवायचं. हद्द कुठपर्यंत, गटात कोण कोण आणि बोलावण्याची खूण कोणती (मी हात वर करतो, ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं), एवढं पाच मिनिटांत उरकतं. बाहेर गेल्यावर सूचना देऊ नयेत, कारण भिंती नसल्या की आवाज विरून जातो आणि आपण ओरडायला लागतो. बोलावंच लागलं तर मुलांना जवळ गोलात उभं करायचं आणि सूर्याकडे तोंड आपण करायचं, मुलांनी नाही. डोळे मिचकावणारं मूल ऐकत नसतं.

बाहेर पोचल्यावर पहिली तीन मिनिटं काहीच करायचं नाही. प्रत्येकाने हातभर अंतर ठेवून बसायचं आणि गप्प राहायचं. हा भाग बहुतेक शिक्षक वेळ वाचवायला गाळतात. विसाव्याचा सिद्धांत खरा असेल तर तासातला सगळ्यात कामाचा भाग हाच असावा, असं माझं मत आहे.

मग गट पसरतात. चौकट कुठे टाकायची, हे मुलांवर सोडलं तर ती रोपं दाट असतील तिथेच टाकतात आणि अंदाज फुगतो. म्हणून पाठ करून एक खडा मागे फेकायचा आणि खडा पडेल तिथे चौकट मांडायची. मोजायला दहा-बारा मिनिटं लागतात.

समजा, आकडे असे आले: ७, १२, ०, ९, १५, ५. इथे हमखास भांडण होतं. शून्यवाला गट म्हणतो, 'आमची जागाच खराब होती, आमचं धरू नका.' बाकीचेही मान डोलावतात. इथे घाई करू नका, तासाचा गाभा हाच आहे. शून्य धरून बेरीज ४८, भागिले ६, सरासरी ८. तुकडा २० गुणिले १५, म्हणजे ३०० चौरस मीटर, म्हणून अंदाजे २,४०० रोपं. शून्य गाळलं तर ४८ भागिले ५, म्हणजे ९.६, आणि अंदाज थेट २,८८० वर जातो. एवढी ४८० रोपं कुठून उगवली? गवतात उभं राहून, रिकाम्या जागेकडे बोट दाखवत हे विचारलं की शून्य हीसुद्धा माहिती असते, हे फळ्यावर सांगावं लागत नाही.

परतताना डोकी मोजायची, आत आल्यावर हात धुवायचे, पाणी प्यायचं, पाच मिनिटं जाऊ द्यायची. मग पुढचा तास.

त्यानंतर कुठला तास ठेवावा?

ज्यात लक्ष ओढून धरावं लागतं तो. वाचून उत्तरं लिहिणं, भागाकार, शुद्धलेखन. बाहेरच्या तासानंतर चित्रकला किंवा घरी जाण्याची घंटा असेल तर मुलांना मजा आली एवढंच होईल, परत आलेलं लक्ष वापरलं जाणार नाही. वेळापत्रकात एवढी एक अदलाबदल मुख्याध्यापकांकडून मिळवली तरी पुष्कळ.

अभ्यासक्रम मागे पडणार नाही का?

हिशोब करून बघू. जाण्या-येण्यात आणि हात धुण्यात दहा मिनिटं जातात. पुढच्या तासात काय मिळतं? कुओंच्या आकड्यांवरून वीस मिनिटांत सुमारे सहा वेळा थांबण्याऐवजी तीनदा थांबावं लागेल. एकदा थांबण्यात अर्धं मिनिट गेलं असं धरलं तर वाचतं फक्त दीड मिनिट.

म्हणजे घड्याळाने पाहिलं तर तोटाच आहे, आणि 'वेळ वाचतो' असा दावा करणाऱ्यांनी हा हिशोब केलेला नसतो. जे मिळतं ते वेगळं आहे: सलगता. उदाहरण समजावून सांगायला पाच मिनिटं लागत असतील आणि साडेतीन मिनिटांनी धागा तुटत असेल तर ते उदाहरण कधीच एका दमात पूर्ण होत नाही. साडेसहा मिनिटांत ते होतं. शिवाय बाहेरचा तास अभ्यासक्रमातलाच होता, त्यामुळे तो वाया गेला असंही धरता येत नाही.

आमच्या वर्गात फरक पडतोय की नाही, हे कसं ओळखायचं?

तेच मोजा: टोकणं. पण मोजण्याआधी टोकणं म्हणजे काय, ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर आवडत्या दिवशी हात सैल पडतो. माझी व्याख्या अशी: शिकवणं थांबवून मुलाला कामाकडे वळवलं, तर एक. नाव घेऊन हाक मारली, बाकापाशी गेलो, नजर रोखून गप्प उभा राहिलो, हे सगळं धरायचं. कुणी शंका विचारली, पाणी प्यायला परवानगी मागितली किंवा शिपाई सूचना घेऊन आला, तर धरायचं नाही.

मोजायला वही लागत नाही. एका खिशात वीस खडे ठेवा आणि प्रत्येक वेळी एक खडा दुसऱ्या खिशात टाका. पुढच्या तासाची पहिली वीस मिनिटं संपली की मोजा.

आठवड्यात दोन दिवस निवडा, समजा मंगळवार आणि गुरुवार. दोन्ही दिवशी गणिताचा तास एकाच वेळी आणि त्यानंतर भाषेचा. पहिल्या आठवड्यात मंगळवारी बाहेर, गुरुवारी आत. दुसऱ्या आठवड्यात उलट. ही अदलाबदल गरजेची आहे, कारण गुरुवार हा मुळातच मंगळवारपेक्षा दंगेखोर वार असू शकतो. आतला तासही तितकाच हाताने करायचा असू द्या: फरशीवर तीच दोरी टाकून गुंड्या मोजणं चालेल. बाहेर खेळ आणि आत व्याख्यान अशी तुलना केली तर तुम्ही झाडांची नाही, व्याख्यानाची परीक्षा घेताय.

आता काल्पनिक आकडे. चार आठवड्यांत बाहेरच्या तासानंतर ३, ४, २, ५ वेळा टोकावं लागलं आणि आतल्या तासानंतर ६, ५, ७, ४ वेळा. सरासरी साडेतीन आणि साडेपाच. चारपैकी तीन आठवड्यांत बाहेरचा दिवस सरस. आनंद झाला? थोडं थांबा. नाणं चार वेळा उडवलं तरी तीन किंवा चार छापे पडण्याची शक्यता १६ पैकी ५ असते, म्हणजे जवळजवळ तीनात एक. हे निव्वळ नशीबही असू शकतं. तेच आठ आठवडे केलं आणि आठपैकी निदान सात वेळा बाहेरचा दिवस सरस ठरला तर ते नशिबाने घडण्याची शक्यता २५६ पैकी ९ उरते. मग मी मुख्याध्यापकांच्या खोलीत कागद घेऊन जाईन.

पहिले दोन आठवडे मोजणीत धरू नका. नवलाई असते, त्यात मुलं एकतर फार शहाण्यासारखी वागतात किंवा अजिबात नाही.

लक्षाचं समजलं. मनःस्वास्थ्याचं काय?

इथे पुरावा आहे, पण मोजणं जास्त नाजूक आहे आणि परिणाम लहान आहेत. जर्मनीत उलरिच डेटवायलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून एक दिवस जंगलात शिकणारी ३७ मुलं आणि नेहमीच्या वर्गातली ११ मुलं यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल त्यांनी दिवसभरात वेगवेगळ्या वेळी तपासलं. कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक. निरोगी माणसात ते सकाळी जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. जंगलातल्या मुलांमध्ये ही उतरण नीट दिसली, वर्गातल्या मुलांमध्ये तेवढी नाही. ही मुलं प्राथमिकच्या अगदी शेवटच्या टोकाची, आणि तुलनेचा गट फक्त अकरा जणांचा, हे लक्षात ठेवून वाचा.

डेन्मार्कमध्ये आठवड्यातून काही तास शाळेबाहेर शिकवण्याची पद्धत रुजलेली आहे. तिला तिथे 'उदेस्कोले' म्हणतात. तिच्यावर वर्षभर चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात मुलांचं इतरांशी मदतीने, समजुतीने वागणं किंचित सुधारलेलं आढळलं. किंचित. उदास मूल झाडाखाली बसून आनंदी झालं, असं त्यातून निघत नाही.

माझ्या अनुभवात एक गोष्ट मात्र नेहमी दिसते. बाहेर गटाचा पुढारी बदलतो. वर्गात हात वर न करणारी मुलगी चौकटीतला बेडूक पहिल्यांदा बघते आणि पुढची दहा मिनिटं सगळा गट तिचं ऐकतो. याला मी संशोधन म्हणणार नाही.

बाहेर गेल्याने चष्मा लागत नाही, हे खरं का?

लागण्याचं प्रमाण कमी होतं, पूर्ण थांबत नाही. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला. अर्ध्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्तीची बाहेर. तीन वर्षांनी तिथे ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा दोष, आलेला होता, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. पण हा परिणाम मुख्यतः मोकळ्या उजेडाचा मानला जातो. त्याला झाडं लागत नाहीत आणि आठवड्यातला एक तासही पुरणार नाही. म्हणून बाहेरच्या तासाचा फायदा सांगताना मी हा मुद्दा पुढे करत नाही.

काही मुलांना बाहेर जायचंच नसतं. त्यांचं काय?

कारण शोधा, ते दर वेळी वेगळं निघतं. एकाला परागकणांमुळे दम लागतो, तेव्हा त्याचा पंप शिक्षकाच्या खिशात हवा, दप्तरात नको. एकीला कपडे मळले तर घरी बोलणी बसतात. तिला बसायला आसन आणि घरी दोन ओळींची चिठ्ठी द्या. एखाद्याला मधमाशीचं भय असतं, कारण मागे एकदा चावलेली असते. स्वमग्न मुलाला बऱ्याचदा निसर्ग नको नसतो, वेळापत्रकातला अचानक बदल नको असतो. त्याला आदल्या दिवशी जागेचा फोटो दाखवला आणि कितीला जाणार, कितीला परतणार हे सांगितलं की निम्मं काम होतं. अशा मुलाला बळजबरीने नेलं तर त्याचं लक्ष विसावत नाही, उलट पूर्ण वेळ पहारा देत राहतं.

पाऊस, ऊन, थंडी?

रिमझिम चालते. वीज कडाडत असेल, दुपारचं ऊन टोचत असेल किंवा धुरकं असेल तर जायचं नाही. त्या आठवड्याची जोडी मोजणीतून वगळायची.

एकदा बाहेर नेलं आणि पुरता फज्जा उडाला. काय चुकलं असेल?

माझा पहिला प्रयत्नही असाच होता. चाळीस मुलं आणि प्रत्येकाच्या हातात चार पानांची प्रश्नपत्रिका. मुलं पूर्ण वेळ कागदात डोकं घालून बसली, झाडाकडे कुणी पाहिलं नाही. वारा आला तशी पानं उडाली आणि सगळी त्यांच्यामागे धावली. परत आल्यावर वर्ग नेहमीपेक्षा जास्त थकलेला आणि चिडलेला. म्हणजे ओढून धरायचं लक्ष मी बाहेरही ओढायलाच लावलं होतं, वर ऊनही दिलं.

फज्जा कसा उडाला यावरून चूक बऱ्यापैकी ओळखता येते. मुलं पांगली आणि परत येईनात, तर हद्द आणि खूण आधी ठरलेली नव्हती. 'आता काय करायचं?' असं सारखं विचारत होती, तर काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं. गटागटांत धावाधाव आणि भांडणं झाली, तर 'कोण आधी' अशी शर्यत तुम्ही नकळत लावली होती. बाहेर सगळं छान झालं पण आत आल्यावर गोंधळ, तर बहुधा मधली पाच मिनिटं गाळली आणि मुलं तहानलेली, मातकट हातांनी थेट वहीवर बसली. पुढच्या वेळी यातली एकच गोष्ट बदला. सगळ्या एकदम बदलल्या तर कशाने जमलं ते कळत नाही.

मुख्याध्यापक आठ आठवडे द्यायला तयार नाहीत. किमान किती?

चार मागा. पहिले दोन सवयीत जातील, उरलेल्या दोन जोड्यांवरून काहीच सिद्ध होणार नाही, आणि ते आधीच सांगून टाका. पण तेवढ्यात दोऱ्या, पुठ्ठे, खूण आणि परतण्याची पद्धत बसते, आणि तुम्ही खडे मोजताय हे मुख्याध्यापकांना कळतं. पुढचे आठ आठवडे मागताना वाद मग झाडांवर होत नाही, वेळापत्रकातल्या त्या एका अदलाबदलीवर होतो.